पुण्याचा पाऊस, पर्थचा पाऊस: हवामान आलेख वाचून ठिकाणाचं हवामान कसं लिहायचं

पुण्यात वर्षाला साधारण ७२० मिलिमीटर पाऊस पडतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरातही जवळपास तेवढाच, ७३० मिलिमीटरच्या आसपास. दोन्हीकडे सर्वांत जास्त पाऊस जुलैत पडतो आणि दोन्हीकडे डिसेंबर ते मार्च कोरडे जातात. दोन्ही शहरांचे हवामान आलेख शेजारी ठेवा आणि तापमानाची रेषा हाताने झाका. राहिलेले पावसाचे स्तंभ सख्ख्या भावंडांसारखे दिसतील.

आता हात काढा. पुण्याची रेषा मे महिन्यात सर्वांत वर आहे आणि पावसाळ्यातही ती २५ अंशांच्या आसपासच राहते. पर्थची रेषा मात्र जुलैत खाली, १३ अंशांवर गेली आहे. म्हणजे पर्थचा पाऊस थंडीत पडतो आणि तिथला कडक उन्हाळा कोरडा जातो. पाऊस तेवढाच, महिने तेच, तरी हवामान पूर्ण वेगळं.

हवामान आलेख वाचायला शिकवताना मी नेहमी याच जोडीपासून सुरुवात करते. विद्यार्थी स्तंभांबद्दल चार वाक्यं लिहितात, रेषेबद्दल चार वाक्यं लिहितात आणि उत्तर संपवतात. स्तंभ आणि रेषा यांच्यात काय चाललंय हे लिहायचं राहून जातं, आणि ठिकाणाचं हवामान कळतं ते तिथेच. खाली पुण्याचा आलेख पहिल्या पायरीपासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचून दाखवते. पर्थ मधूनमधून येईल.

आपला आलेख

हे पुण्याचे मासिक सरासरी आकडे. हवामान खात्याच्या जुन्या दीर्घकालीन सरासरींमधले आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतले आहेत. नव्या सरासरींत आकडे थोडे इकडेतिकडे झाले आहेत, पण आलेखाचा आकार तोच राहतो.

| महिना | पाऊस (मिमी) | तापमान (°से.) |
|---|---|---|
| जानेवारी | ० | २० |
| फेब्रुवारी | १ | २२ |
| मार्च | ५ | २६ |
| एप्रिल | १७ | २९ |
| मे | ४१ | ३० |
| जून | ११६ | २७ |
| जुलै | १८७ | २५ |
| ऑगस्ट | १२२ | २४ |
| सप्टेंबर | १२० | २५ |
| ऑक्टोबर | ७८ | २५ |
| नोव्हेंबर | ३० | २२ |
| डिसेंबर | ५ | २० |

आलेख कागदावर काढून घ्या, वाचायला फार बरं पडतं. आडव्या अक्षावर बारा महिने. एका बाजूच्या उभ्या अक्षावर पाऊस, ० ते २०० मिमी. दुसऱ्या बाजूला तापमान, ० ते ४० अंश. पावसाचे बारा स्तंभ काढा. तापमानाचा बिंदू प्रत्येक महिन्याच्या पट्टीच्या मधोमध द्या, कारण तो आकडा पूर्ण महिन्याची सरासरी आहे, १ तारखेचं तापमान नाही. मग बिंदू जोडा. रेषा जानेवारीच्या बिंदूपासून सुरू होते आणि डिसेंबरच्या बिंदूवर थांबते. ती शून्यापासून ओढत आणू नका.

पायरी १: आधी अक्ष, मग आलेख

आलेख हातात आला की नजर सरळ सर्वांत उंच स्तंभावर जाते. तिला आवरा. आधी तीन गोष्टी बघा: पावसाचा अक्ष कोणत्या बाजूला आहे, तापमानाचा कोणत्या, आणि दोन्हींवर आकडे कुठून कुठपर्यंत आहेत. काही पुस्तकांत पाऊस डावीकडे असतो, काहींत उजवीकडे. अमुकच बाजू असं ठरलेलं नाही.

अक्षांची अदलाबदल झाली तर काय होतं ते आपल्याच आलेखावर बघू. जुलैचा स्तंभ १८७ मिमीचा आहे. त्याच्या टोकापासून चुकून तापमानाच्या अक्षाकडे गेलात तर तिथे ३७ च्या थोडं वर येतं. मग उत्तरात ‘पुण्यात जुलैचे तापमान ३७ अंश असते’ असं वाक्य उतरतं. ही चूक वर्गात सतत दिसते. ती पकडायचा उपाय साधा आहे: आकडा लिहिण्याआधी तो महिना डोळ्यांसमोर आणा. भर पावसाळ्यात, ढग दाटलेले असताना, पुण्यात सरासरी ३७ अंश कसे असतील? माहितीच्या ठिकाणासाठी हे जमतं. अनोळखी ठिकाणासाठी कागदाची सरळ कड वापरा. ती स्तंभाच्या माथ्यावर आडव्या अक्षाला समांतर धरा, पावसाच्या अक्षापर्यंत सरकवत न्या आणि तिथला आकडा वाचा. रेषेच्या बिंदूसाठी हेच दुसऱ्या दिशेने करा.

अक्षावरचे आकडे पाहण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मुंबईचा आलेख बघा. तिथे एकट्या जुलैत ८०० मिमीहून जास्त पाऊस पडतो, म्हणून पावसाचा अक्ष १००० पर्यंत न्यावा लागतो. पुण्याचा २०० वरच संपतो. दोन्ही आलेख पानावर सारख्याच आकाराचे छापले की पुण्याचा जुलैचा स्तंभ आणि मुंबईचा जुलैचा स्तंभ जवळपास एकाच उंचीचे दिसतात. प्रत्यक्षात मुंबईचा चौपटीहून मोठा आहे. दोन आलेखांची तुलना करायची असेल तर स्तंभांची उंची डोळ्यांनी कधीच ताडून पाहू नका. आकडे काढा आणि आकड्यांचीच तुलना करा.

पायरी २: रेषा

मी रेषा आधी वाचायला सांगते, कारण ते ठिकाण पृथ्वीवर साधारण कुठे आहे हे तीच सांगते.

आधी तिचा आकार पाहा, आकडे नंतर. रेषा वर्षाच्या मध्यात डोंगरासारखी उंचावली असेल तर ठिकाण उत्तर गोलार्धात. मध्यात दरी असेल आणि दोन्ही टोकं वर असतील तर दक्षिण गोलार्धात. पर्थची रेषा अशीच आहे: जानेवारी-फेब्रुवारीत २५, जुलैत १३, डिसेंबरात पुन्हा २३. आणि रेषा जवळजवळ सपाट, २५ ते २८ अंशांच्या आत-बाहेर असेल, तर ठिकाण विषुववृत्ताजवळच्या सखल प्रदेशातलं समजायला हरकत नाही.

मग कमाल आणि किमान बिंदू शोधा. पुण्यात सर्वांत उष्ण महिना मे, ३० अंश. सर्वांत थंड डिसेंबर आणि जानेवारी, २० अंश. दोन्हींमधला फरक १० अंश. याला वार्षिक तापमान कक्षा म्हणतात आणि उत्तरात ती यायलाच हवी. या एका आकड्यावरून हवामान सम आहे की विषम ते कळतं. मुंबईची कक्षा सहा अंशांच्या आसपास आहे, कारण शेजारचा समुद्र उन्हाळ्यात हवा फार तापू देत नाही आणि हिवाळ्यात फार निवू देत नाही. नागपुरात मे महिन्याची सरासरी ३५ च्या घरात आणि डिसेंबर-जानेवारीची २० च्या जरा वर, म्हणजे कक्षा १५ अंशांच्या आसपास. समुद्र दूर गेला की कक्षा वाढते. पुणे या दोघांच्या मध्ये येतं, नकाशावरही आणि कक्षेतही.

आता पुण्याच्या रेषेतली खरी गंमत. उत्तर गोलार्धात सूर्य सर्वांत जास्त उत्तरेला असतो जूनमध्ये. मग पुणं सर्वांत जास्त मे महिन्यातच का तापतं? आणि जूनपासून रेषा खाली का येते? ३०, २७, २५, २४. ऑगस्ट तर मार्चपेक्षाही थंड. रेषेचा डोंगर मधोमध नाही, तो डावीकडे सरकलेला आहे आणि त्याची उजवी बाजू एकदम उतरली आहे. हे कोडं रेषा एकटी सोडवत नाही. स्तंभांकडे जावं लागतं.

पायरी ३: स्तंभ

स्तंभांवरून तीन गोष्टी काढायच्या.

पहिली, वर्षाची बेरीज. बारा आकडे मिळवा: पुण्याचे ७२२ मिमी. छापील आलेखाच्या डोक्यावर बहुतेक वेळा हा आकडा दिलेला असतो. नसेल तर बेरीज करा, दोन मिनिटांचं काम आहे. ‘पाऊस मध्यम आहे’ असं नुसतं लिहिण्यात अर्थ नाही. मुंबईच्या माणसाचं मध्यम वेगळं, सोलापूरच्या माणसाचं वेगळं. आधी आकडा द्या, मग विशेषण.

दुसरी, पाऊस कोणत्या महिन्यांत साचला आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर मिळून ५४५ मिमी. ७२२ पैकी ५४५ म्हणजे तीन चतुर्थांश. वर्षाच्या एक तृतीयांश काळात तीन चतुर्थांश पाऊस! ‘पाऊस मोसमी आहे’ हे वाक्य या हिशेबाने पक्कं होतं. लंडनच्या आलेखात असा ढीग सापडणार नाही. तिथे बाराही स्तंभ थोड्याफार फरकाने सारखेच असतात आणि कोरडा ऋतू दाखवता येत नाही.

तिसरी, ढिगाच्या कडा. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. पुण्याच्या ढिगाच्या डाव्या कडेला एप्रिलचे १७ आणि मेचे ४१ मिमी आहेत. हे वळवाचे पाऊस, संध्याकाळी गडगडाट करून येणारे. उजव्या कडेला ऑक्टोबरचे ७८ आणि नोव्हेंबरचे ३०. हा परतीचा पाऊस आणि त्यानंतरच्या काही सरी. म्हणजे ढीग डावीकडे मे ते जूनमध्ये एकदम चढतो, ४१ वरून ११६ वर, आणि उजवीकडे सावकाश उतरतो. पाऊस येतो धाडकन, जातो हळूहळू. उत्तरात हे एक वाक्य आलं की आलेख खरोखर पाहिला आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

ढीग कुठे आहे यावरून कधीकधी ठिकाणच ओळखता येतं. भारतातल्या एखाद्या आलेखात जुलैऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे स्तंभ सर्वांत उंच दिसले तर तमिळनाडूचा किनारा आठवा. चेन्नईला मुख्य पाऊस ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांतून मिळतो.

पायरी ४: दोन्ही एकत्र

आता पुण्याचं कोडं सोडवू. आलेखावर बोट मे महिन्यावर ठेवा आणि उजवीकडे न्या. रेषा जिथे खाली वळते, बरोबर तिथेच स्तंभ उंचावतो. मे ते जून: पाऊस ७५ मिमीने वाढला, तापमान ३ अंशांनी उतरलं. जून ते जुलै: पाऊस आणखी ७१ मिमीने वाढला, तापमान आणखी २ अंशांनी खाली. सूर्य डोक्यावर असूनही ढगांनी त्याला अडवलं, ओल्या जमिनीतून बाष्पीभवन होत राहिलं, आणि रेषेचं डोकं कापलं गेलं. मोसमी हवामानाची ही खूणगाठ आहे: सर्वांत उष्ण महिना पावसाच्या आधी येतो.

पुढे ऑगस्टपासून पाऊस कमी होतो, पण रेषा लगेच वर जात नाही. ऑक्टोबरपर्यंत २५ वर अडून राहते आणि मग हिवाळ्याकडे उतरते. हेही लिहा.

पर्थमध्ये हेच बोट फिरवून बघा. तिथे मे ते ऑगस्ट पाऊस भरपूर (मे ९० च्या आसपास, जुलै जवळपास १५०) आणि त्याच महिन्यांत रेषा दरीत. डिसेंबर ते मार्च रेषा शिखरावर आणि प्रत्येक महिन्याचा पाऊस १० ते २० मिमी. पावसाळा म्हणजे हिवाळा, उन्हाळा म्हणजे कोरडा काळ. याला भूमध्य सागरी हवामान म्हणतात. रोमच्या आलेखातही हीच जोडी दिसते, फक्त दरी जानेवारीत असते कारण रोम उत्तर गोलार्धात आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न पाठच करायला लावते: सर्वांत ओला काळ गरम आहे की थंड? उत्तर दोन शब्दांचं असतं, पण अर्धं हवामान त्यात येतं.

पायरी ५: महिना कोरडा आहे की ओला?

‘नोव्हेंबर कोरडा आहे’ असं आपण सहज म्हणतो. पण ३० मिमी पाऊस पडूनही तो कोरडा का? ३० मिमी थंड प्रदेशात जमिनीत मुरून टिकेल, उष्ण प्रदेशात चार दिवसांत उडून जाईल. म्हणून नुसत्या मिलिमीटरवर कोरडेपणा ठरत नाही, तापमान जोडीला घ्यावं लागतं.

त्यासाठी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गॉसेन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा ठोकताळा आहे. महिन्याच्या सरासरी तापमानाची दुप्पट करा. महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये त्याहून कमी असेल तर महिना कोरडा.

पुण्याला लावून बघू. मे: ३० ची दुप्पट ६०, पाऊस ४१. कोरडा, वळवाच्या सरी येऊनही. जून: दुप्पट ५४, पाऊस ११६. ओला. ऑक्टोबर: दुप्पट ५०, पाऊस ७८. ओला. नोव्हेंबर: दुप्पट ४४, पाऊस ३०. कोरडा. म्हणजे पुण्यात जून ते ऑक्टोबर पाच महिने ओले आणि नोव्हेंबर ते मे सात महिने कोरडे. ‘पावसाळा चार महिन्यांचा’ असं आपण बोलतो, पण आलेख पाचवा महिनाही ओल्यांत धरतो. रब्बीची पेरणी ज्या ओलीवर होते, त्यात ऑक्टोबरच्या या पावसाचा मोठा वाटा आहे.

इथे एक सापळा आहे. ‘रेषा स्तंभाच्या वर असेल तर महिना कोरडा’ असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. हे खरं ठरतं ते फक्त एका प्रकारच्या आलेखात, जिथे १० अंश आणि २० मिमी एकाच उंचीवर असतात. अक्ष मुद्दाम १:२ प्रमाणात आखलेले असतात. (अशा आलेखांत १०० मिमीच्या वरचा पाऊस बहुधा आखडून, वेगळ्या प्रमाणात आणि गडद रंगात दाखवतात. तेही आधी तपासा.) आपला आलेख ४० अंशांसमोर २०० मिमी असा आहे, म्हणजे १:५. त्यावर जूनची रेषा १३५ मिमीच्या पातळीवर येते आणि स्तंभ ११६ वरच थांबतो. डोळ्यांनी बघितलं तर जून कोरडा! सप्टेंबरही तसाच फसवतो, रेषा १२५ च्या पातळीवर आणि स्तंभ १२०. दोन्ही महिने प्रत्यक्षात चिंब ओले आहेत. तेव्हा प्रमाण १:२ नसेल तर रेषा कुठे स्तंभ ओलांडते ते बघूच नका, दुपटीचा हिशेब आकड्यांवर करा.

ठोकताळ्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. पर्थचा एप्रिल घ्या: तापमान २०, दुप्पट ४०, पाऊस ३७ च्या आसपास. हिशेबाने कोरडा, पण जेमतेम. अशा काठावरच्या महिन्याला ‘कोरड्याकडून ओल्याकडे जाणारा’ असं लिहावं, ओढूनताणून एका गटात बसवू नये.

पायरी ६: लिहिणं

आता कागद पुढे घ्या. सर्वांत वारंवार येणारं उत्तर असं असतं: ‘जानेवारीत पाऊस ० मिमी आहे. फेब्रुवारीत १ मिमी आहे. मार्चमध्ये ५ मिमी आहे.’ हे वर्णन नाही, आलेखाचा पुन्हा तक्ता केला इतकंच. आकडा घ्यायचा तो एखादं विधान पेलण्यासाठी. एका परिच्छेदात पाच-सहा आकडे पुरतात.

मी अशा क्रमाने लिहिते: आधी एका वाक्यात संपूर्ण वर्ष, मग तापमान, मग पाऊस, मग दोन्हींचं नातं. पुण्याचं उत्तर असं होईल:

> पुण्याचे हवामान वर्षभर उबदार असून पाऊस ठरावीक ऋतूत पडतो. सरासरी तापमान डिसेंबर-जानेवारीतील २० °से.पासून मे महिन्यातील ३० °से.पर्यंत जाते, वार्षिक तापमान कक्षा सुमारे १० अंश म्हणजे मध्यम आहे. वर्षभरात सुमारे ७२० मिमी पाऊस पडतो व त्यापैकी तीन चतुर्थांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाची सुरुवात जूनमध्ये एकदम होते, कमाल जुलैत (१८७ मिमी) गाठली जाते आणि ऑक्टोबरनंतर तो हळूहळू ओसरतो. सर्वांत उष्ण महिना पावसाळ्याच्या लगेच आधी येतो. पाऊस सुरू होताच तापमान उतरते आणि ऑक्टोबरपर्यंत २५ °से.च्या आसपास स्थिर राहते. नोव्हेंबर ते मे हे सात महिने कोरडे असून त्यांत थंड-कोरडा आणि उष्ण-कोरडा असे दोन भाग स्पष्ट दिसतात.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. सात कोरडे महिने एकसारखे नाहीत. डिसेंबरही कोरडा आणि एप्रिलही, पण एकात २० अंश, दुसऱ्यात २९. रेषेशिवाय हा फरक लिहिता आला नसता.

‘सुमारे’ हा शब्दही मोजून वापरा. छापील आलेखावरून वाचलेल्या आकड्याला तो लावायलाच हवा, कारण स्तंभाचा माथा १८५ आहे की १८७ हे डोळ्यांना सांगता येत नाही. तक्ता हाताशी असेल तर नेमका आकडा द्या.

पायरी ७: नाव आणि कारण

हवामानाचं नाव सर्वांत शेवटी द्या. आधी नाव ठरवलं की माणूस आलेखात तेच शोधू लागतो. पुण्याला ‘मोसमी हवामान’ म्हणणं वरच्या वर्णनातून आपोआप येतं. पण तापमान आणि पावसाच्या आकड्यांवरून हवामानाचे गट पाडणाऱ्या कोपेनच्या वर्गीकरणाने काटेकोर नाव द्यायला गेलात तर पुणं काठावर सापडतं. ज्या ठिकाणी ७० टक्क्यांहून जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत (आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर) पडतो, तिथली कोरडेपणाची सीमा अशी काढतात: वार्षिक सरासरी तापमान गुणिले २०, अधिक २८०. पुण्याचं वार्षिक सरासरी तापमान २४.६, म्हणून सीमा ७७२ मिमी. पाऊस ७२२. म्हणजे या आकड्यांनुसार पुणं थोडक्यात निमशुष्क गटात जातं. पन्नासेक मिलिमीटर जास्त पडले असते तर ते उष्ण कटिबंधीय गवताळ प्रदेशाच्या गटात गेलं असतं. म्हणून एखाद्या संकेतस्थळावर एक नाव आणि दुसरीकडे दुसरं दिसलं तर गोंधळू नका. सरासरीचा कालखंड बदलला की काठावरची शहरं इकडची तिकडे होतात.

कारणांबाबत एक शिस्त पाळा: आलेखात जे दिसतं ते आणि त्यामागचं तुम्हाला माहीत असलेलं कारण यांची सरमिसळ करू नका. पुणं सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला आहे, म्हणून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच पडून जातं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, पुण्याला सातशे-आठशे. ही माहिती बरोबर आहे, पण आलेखात सह्याद्री दिसत नाही. ‘पाऊस कमी दिसतो. याचं कारण…’ असं वेगळं वाक्य करा. ठिकाणाचं नाव झाकलेलं असेल तर कारण ‘बहुधा’ म्हणूनच द्या.

आलेखात जे दिसत नाही

मासिक सरासरी म्हणजे बरीच वर्षं एकत्र वाटून काढलेला आकडा. जूनचे ११६ मिमी म्हणजे दरवर्षी जूनमध्ये तेवढे पडतात असं नाही. एखाद्या वर्षी जून कोरडा जातो आणि पेरण्या खोळंबतात, एखाद्या वर्षी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो. स्तंभ यातलं काहीच सांगत नाही. म्हणून ‘पाऊस पडतो’ऐवजी ‘सरासरीने पडतो’ लिहा, आणि ‘पाऊस नियमित आहे’ असं हवामान आलेखावरून कधीच लिहू नका.

रेषाही काही गोष्टी पोटात ठेवते. मार्चची सरासरी २६ म्हणजे सुखद वाटते, पण पुण्यात मार्चची दुपार सरासरीने ३५ अंशांची असते आणि पहाट १६ ची. सर्वांत चांगलं उदाहरण मात्र ऑक्टोबरचं. आपल्या आलेखात सप्टेंबर २५, ऑक्टोबर २५, रेषा सपाट. मग ऑक्टोबर हीट गेली कुठे? ती सरासरीत विरघळली आहे. आकाश मोकळं झाल्यावर दुपारचं सरासरी कमाल तापमान २९ वरून ३१ च्या वर जातं, आणि त्याच मोकळ्या आकाशामुळे पहाटेचं किमान जवळजवळ २१ वरून १९ वर उतरतं. वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आकडे मिळत असतील तर कमाल आणि किमान अशा दोन रेषा काढा. पुण्याच्या आलेखात ऑगस्टमध्ये त्या दोन रेषा अगदी जवळ आलेल्या दिसतील, जेमतेम सहा अंशांवर, आणि ऑक्टोबरपासून दोन्ही दोन दिशांना फाकू लागतील.